तिसरी स्लाइड एकटीच फिरली: वकिलाच्या ग्राहक हक्क कॅरसेलचं एक प्रकरण

नाव, गाव, अकाउंट सगळं काढून टाकलंय. दुकान साडीचं होतं ते तसंच ठेवलंय, कारण साडीशिवाय ही गोष्ट नीट कळत नाही. मी पण वकिलीच करतो आणि पोस्ट पडून गोंधळ झाल्यावर ती टाकणाऱ्या वकील मॅडमनी मला मजकूर बघायला बोलावलं, त्यामुळे आधीचं जे लिहिलंय ते त्यांचे जुने ड्राफ्ट आणि त्यांनी सांगितलेलं यावरून.

पार्श्वभूमी

मॅडम जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतात. बरीचशी दिवाणी कामं आणि अधूनमधून जिल्हा ग्राहक आयोगातल्या तारखा. आयोगातल्या कामात त्यांना एकच गोष्ट सारखी खटकायची, की लोक येतात तेव्हा बिल हरवलेलं असतं, दुकानदाराशी झालेलं बोलणं सगळं तोंडी असतं आणि बऱ्याचदा मुदत पण गेलेली असते. म्हणून त्यांनी इन्स्टाग्रामवर नऊ स्लाइडचं कॅरसेल करायचं ठरवलं. विषय एकच, दुकानातून घेतलेली वस्तू खराब निघाली तर काय. ऑनलाइन खरेदी, विमा, बिल्डर, हॉस्पिटल हे सगळं बाहेर ठेवलं. हे त्यांनी पहिल्या दिवसापासून बरोबर केलं असं मला वाटतं, कारण एकाच पोस्टमध्ये सगळे ग्राहक हक्क कोंबले की एकाही हक्काबद्दल धड काही सांगून होत नाही.

पहिला ड्राफ्ट अगदी कोर्टातला होता. "ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम २(४७) अन्वये सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय." डिझाइन करणारी त्यांची भाची म्हणाली, मावशी हे कोणी दोन सेकंद पण वाचणार नाही. मग सोपं करायला घेतलं. दुसऱ्या स्लाइडवर प्रश्न आला, "घेतलेली वस्तू खराब निघाली?" आणि तिसऱ्यावर त्याचं उत्तर, "'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी बघून घाबरू नका. ३० दिवसांत माल परत घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे." शेवटच्या, म्हणजे नवव्या स्लाइडवर बारीक अक्षरात, "ही माहिती सर्वसाधारण आहे, कायदेशीर सल्ला नव्हे."

फोन नंबर टाकायचा नाही, "केससाठी संपर्क करा" लिहायचं नाही, जिंकलेल्या केसचा उल्लेख करायचा नाही हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही, २००८ पासून स्वतःच्या वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कुठल्या विषयात काम करतो एवढं टाकायची सूट आहे. आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने सोशल मीडियावरच्या प्रसिद्धीबद्दल परत एकदा कडक पत्रक काढलं होतं. त्यामुळे पोस्टमध्ये फक्त माहिती, खाली नाव आणि वकील एवढंच.

अडचण

पोस्ट चांगली फिरली. पण पूर्ण पोस्ट नाही, तिसरी स्लाइड फिरली. कोणीतरी तिचा स्क्रीनशॉट घेऊन व्हॉट्सॲपवर टाकला आणि तिथून ती सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर गेली. खाली मॅडमचं नाव, त्यामुळे खरी वाटणार हे उघडच.

आता ही स्लाइड एकटी वाचून बघा. "खराब" हा शब्द त्यात कुठेच नाहीये, तो दुसऱ्या स्लाइडवर राहिला. सगळी पोस्ट क्रमाने वाचली तर अर्थ बरोबर लागतो पण सुटी केली की ती सांगते की कुठलाही माल, कुठल्याही कारणाने, महिन्याभरात परत. कायद्यात असं नाहीये. खराब माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि त्याला मुदत बिलावर जी लिहिली असेल ती, बिलावर काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवस. म्हणजे दोन अटी होत्या आणि सोपं करता करता दोन्ही गळाल्या.

लग्नसराईचे दिवस. गावातल्या साडीच्या दुकानात बायका साड्या परत घेऊन यायला लागल्या, कोणाला रंग आवडला नाही, कोणाला जाऊबाईंची साडी जास्त चांगली वाटली, आणि दुकानदार नाही म्हणाला की मोबाइल पुढे करायच्या. दुकानदाराने मॅडमना फोन लावला, "ताई, तुमचंच नाव दाखवतायत हो सगळे." आणि गंमत म्हणजे हा दुकानदार त्यांचा जुना पक्षकार, त्याच्या गाळ्याच्या भाड्याचं प्रकरण त्याच बघतात.

यातली एक बाई मात्र खरंच पहिल्याच धुण्यात रंग गेलेली साडी घेऊन आली होती. काठाचा लाल रंग पदरावर उतरलेला. तिचं म्हणणं कायद्यात बसण्यासारखं होतं. पण तोपर्यंत दुकानदाराने फोटो दाखवणाऱ्या प्रत्येकाला एकाच रांगेत बसवलं होतं, तिलाही हात जोडून परत पाठवलं.

मला विचाराल तर याहून वाईट प्रकार दुसराच होता आणि तो कळायला वेळ लागला. एका माणसाने मेसेज केला होता की मिक्सर चौथ्या महिन्यात जळाला, वॉरंटी आहे पण दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर एकमेकांकडे बोट दाखवतायत, आणि शेवटी लिहिलं होतं, "पण ३० दिवस तर गेले ना, आता काही करता येत नाही ना, ठीक आहे." हा माणूस भांडायला गेलाच नाही. त्याला वाटलं हक्क संपला. खरं तर ते ३० दिवस दुकानदाराने माल परत घेण्याबद्दलचे आहेत, आयोगात तक्रार करायची मुदत वेगळी आहे, कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि वॉरंटी आहे ती आहेच. साडीवाल्या बायका दुकानात गेल्या म्हणून गोंधळ दिसला तरी. स्लाइड वाचून गप्प घरी बसलेले किती असतील ते कोणालाच दिसणार नाही.

कोणते पर्याय होते

पहिला विचार पोस्टच डिलीट करायचा. पण स्क्रीनशॉट आता व्हॉट्सॲपवर होता, इन्स्टावरून काढून तो तिथून जाणार नव्हता, उलट कोणी खरं-खोटं बघायला मूळ पोस्टवर आलं असतं तर त्याला काहीच सापडलं नसतं.

दुसरा, कॅप्शनमध्ये दुरुस्ती. पोस्ट केल्यावर स्लाइडमधलं चित्र बदलता येत नव्हतं, कॅप्शन बदलता येतं आणि कॅरसेलमधली एखादी स्लाइड काढून टाकता येते. पण जो माणूस स्क्रीनशॉट बघतोय त्याला कॅप्शन दिसतच नाही, त्यामुळे एकटं कॅप्शन पुरणार नाही हे लगेच कळलं.

तिसरा पर्याय दुकानदाराने सुचवला, की मॅडमनी व्हिडिओ करून सांगावं की साडी परत करता येत नाही. हा त्यांनी तिथल्या तिथे बाद केला. एक तर ते पण चूकच, कारण रंग गेलेली साडी परत करता येते, आणि दुसरं म्हणजे एका पक्षकाराच्या सांगण्यावरून त्याच्या गिऱ्हाइकांना जाहीर सल्ला दिल्यासारखं झालं असतं.

चौथा, तीच स्लाइड नव्याने लिहून त्याच रंगात, तशाच डिझाइनमध्ये सोडायची, म्हणजे जिथे जुनी गेली तिथे नवीही जाईल. हा घेतला, आणि सोबत मूळ पोस्टमधली तिसरी स्लाइड काढून कॅप्शनमध्ये का काढली ते लिहिलं.

नवीन मजकूर लिहिताना

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. नियम एकच ठेवला, प्रत्येक स्लाइड सुटी वाचली तरी खोटी ठरता कामा नये. म्हणजे अट आणि हक्क एकाच चौकटीत, अक्षरांचा आकार पण सारखा. शेवटी असं झालं:

"वस्तू खराब निघाली आणि दुकानदार परत घेत नाहीये? बिलावर परत करायची मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत जा, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. रंग आवडला नाही, मन बदललं, दुसरीकडे स्वस्त मिळालं, याला हा नियम लागत नाही, तिथे दुकानाचा नियम चालतो. ३० दिवस उलटले म्हणून सगळं संपलं असंही नाही, आयोगात जायला साधारण २ वर्षं असतात."

भाची म्हणाली फार मजकूर झाला. झालाच. पण "साधारण" हा शब्द काढायचा का यावर आमची जास्त चर्चा झाली. दोन वर्षं कुठल्या दिवसापासून मोजायची हे प्रत्येक केसमध्ये वेगळं निघू शकतं, वस्तू घेतली तो दिवस, बिघाड पहिल्यांदा दिसला तो, का कंपनीने नाही म्हटलं तो, आणि उशीर झाला तर सबळ कारण दाखवून आयोगाकडून माफी मागता येते पण मिळेलच असं नाही. हे सगळं स्लाइडवर मावणार नाही. शब्द ठेवला.

मग मर्यादांची स्लाइड. जुनी "कायदेशीर सल्ला नव्हे" ही ओळ कोणाला काहीच सांगत नव्हती, वाचणाऱ्याला कसं कळणार की त्याचं प्रकरण या माहितीत बसतं का नाही. म्हणून मर्यादा प्रश्नांच्या रूपात लिहिल्या. ऑनलाइन घेतलंय का, सेकंडहँड आहे का, दोन वर्षं होत आलीत का, बिल दुसऱ्याच्या नावावर आहे का, धंद्यासाठी घेतलंय का. यातल्या एकालाही हो असेल तर या पोस्टवरून काही ठरवू नका, कागद दाखवून विचारा.

धंद्याचा प्रश्न आधी वेगळा लिहिला होता, "धंद्यासाठी घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक नाही." वाचायला सोपं, सुटसुटीत, आणि बऱ्याच पोस्टमध्ये असंच लिहिलेलं असतं. पण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे, की स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. म्हणजे घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईने शिलाई मशीन घेतलं आणि ते खराब निघालं तर ती ग्राहक ठरू शकते, आणि आमची ती सोपी ओळ तिलाच दारातून परत पाठवत होती. इथे मॅडमचं एक वाक्य मला पटलं, की मर्यादा लिहिताना पण आपण कायदाच सांगत असतो, तिथे चुकलं तर तेवढंच नुकसान. शेवटी लिहिलं, "धंद्यासाठी घेतलं असेल तर उत्तर बदलू शकतं, नाही समजून सोडून देऊ नका."

डीएममधले प्रश्न

पोस्टपेक्षा जास्त डोकेदुखी इथे होती. लोक बिलाचे फोटो, वॉरंटी कार्ड, एकाने तर आधार कार्डसुद्धा न मागता पाठवलं. "मॅडम माझी केस होईल का?" एवढंच खाली.

उत्तर द्यावं का? माणूस म्हणून वाटतं दोन ओळी लिहाव्यात. पण समोरचा अर्धीच हकिकत सांगतो, दुसरी बाजू कोण आहे ते माहीत नसतं, आणि छोट्या गावात ती दुसरी बाजू आपलाच पक्षकार निघू शकते, जसा इथे साडीवाला निघाला. बार कौन्सिलच्याच नियम ३३ प्रमाणे वकिलाने एखाद्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला की त्या प्रकरणात समोरच्या बाजूने उभं राहता येत नाही. म्हणजे डीएममधली दोन ओळींची मदत सुद्धा महागात पडू शकते, वकिलाला आणि ज्याला ती केली त्यालाही. रंग गेलेल्या साडीच्या बाईचा मेसेज आला तेव्हा मॅडमनी कुठलंच मत दिलं नाही, एवढंच लिहिलं की त्या दुकानाचं काम मी बघते म्हणून मला तुम्हाला काही सांगता येणार नाही, दुसऱ्या वकिलाकडे किंवा ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर विचारा. दुकानदाराचं कुठलं काम ते अर्थातच सांगितलं नाही. पक्षकार आहे एवढं तरी सांगावं का, यावर आमचं एकमत नाहीये. मी असतो तर नुसतं "मला यात पडता येणार नाही" म्हटलं असतं.

बाकी सगळ्यांसाठी एक ठरलेलं उत्तर केलं. त्यात होतं की इथे कागद पाठवू नका, मी इथे तुमच्या प्रकरणावर मत देत नाही आणि हे वाचून मी तुमची वकील झाले असं होत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हे सगळ्यांना सारखंच लागू, म्हणून माहिती. "तुमच्या केसमध्ये असं करा" म्हटलं की सल्ला. रेषा कधी कधी धूसर असते पण रोजच्या वापराला एवढं पुरलं.

हे ठरलेलं उत्तर एकदाच मोडलं. एका माणसाने फ्रिजचं लिहिलं, कंपनीचा टेक्निशियन येतोय-जातोय, आणि सोबत जॉब शीटचा फोटो. त्यावर पहिल्या तक्रारीची तारीख होती आणि तिला दोन वर्षं पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरलेले. तो १९१५ वर तक्रार टाकून निवांत बसला होता. हेल्पलाइनवरची तक्रार म्हणजे आयोगातली केस नाही, कंपनीशी बोलणं करून देण्यासाठी ती चांगली आहे, पण तिच्यामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही. गप्प बसणं सुरक्षित होतं. पण ठरलेलं उत्तर पाठवलं असतं तर त्याने ते निवांत वाचलं असतं.

मॅडमनी लिहिलं, "तुमच्या केसवर मी मत देत नाहीये. पण मुदतीचा प्रश्न असू शकतो, ती कुठून मोजायची यावर वाद होतो, म्हणून सगळ्यात आधीची तारीख धरून चाला आणि याच आठवड्यात सगळे कागद घेऊन वकिलाकडे जा. हेल्पलाइनची वाट बघू नका." केस होते का, जिंकाल का, किती मिळतील, एक शब्द नाही. माझ्या मते एवढंच करण्यासारखं होतं आणि तेवढं करायलाच हवं होतं.

पुढे काय झालं

नवी स्लाइड जुनीएवढी फिरली नाही, हे सांगितलंच पाहिजे. "माल परत घेणं बंधनकारक" यात जी मजा आहे ती "बिलावर मुदत लिहिली असेल तर" मध्ये नाही. पण दुकानदाराने नवी स्लाइड प्रिंट काढून गल्ल्यामागे लावली, आणि बिलबुकवर पहिल्यांदाच खराब मालासाठी मुदत छापून घेतली, सात दिवस. कायद्याने मुदत बिलावर लिहायची सोय दिलीये ती त्याने वापरली. म्हणजे त्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना आधी जे ३० दिवस होते त्याचे सात झाले. याचा आम्ही कोणीच विचार केला नव्हता.

फ्रिजवाल्याचा "थँक्यू मॅडम" आला, पुढे त्याने तक्रार दाखल केली का ते माहीत नाही. मिक्सरवाल्याला ठरलेलं उत्तर आणि नवी स्लाइड पाठवली, त्यानंतर काही महिन्यांनी त्याने कळवलं की सर्व्हिस सेंटरला वॉरंटीचा लेखी मेल टाकल्यावर मोटर बदलून मिळाली. साडीची बाई परत बोलली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पोस्ट टाकायच्या आधी प्रत्येक स्लाइड सुटी करून कायद्याशी काही संबंध नसलेल्या माणसाला दाखवायची, आणि "काय कळलं?" विचारायचं. "कळलं का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात. तिसरी स्लाइड अशी कोणाला दाखवली असती तर "म्हणजे साडी परत करता येते?" हा प्रश्न घरातच आला असता.

डीएमचं ठरलेलं उत्तर पोस्टच्या आधी तयार पाहिजे, आणि त्यात पहिलीच ओळ मुदतीची. मुदतीचा माणूस ओळखायला सगळे मेसेज वाचावे लागले, ते दरवेळी शक्य नाही.

बिलावरच्या मुदतीची ओळ लिहिताना दुकानदार पण ती वाचणार हे धरून चालायला हवं होतं. लिहायचीच नाही असं नाही, ती खरी आहे, पण तिच्या शेजारीच "माल घेण्याआधी बिलावरची मुदत वाचा" हे गिऱ्हाइकासाठी टाकता आलं असतं. आता पुढच्या आवृत्तीत ते टाकलंय.

आणि प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगात किती किमतीपर्यंतची तक्रार चालते ती मर्यादा १ कोटी होती, २०२१ च्या शेवटी आलेल्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली, आणि १ कोटी लिहिलेल्या जुन्या पोस्ट अजूनही ग्रुपवर फिरताना दिसतात. त्यातल्या काही वकिलांच्याच आहेत, त्या दिवशी बरोबरच होत्या, फक्त तो दिवस कुठला हे त्यांच्यावर लिहिलेलं नाहीये.